आठ घरांचा महिना

दादा छपरावर होता आणि मी खाली खळ्यात फोन उभा धरून. "दादा, जरा इकडे तोंड कर," असं मी तिसऱ्यांदा म्हटलं तेव्हा वरून आवाज आला, "गो, कौल धरू काय तोंड दाखवू?" त्याच्या हातात तेव्हा चार कौलं होती. मी फोन खाली घेतला. पुढचा महिनाभर जे काही जमलं, ते ह्या एका वाक्याच्या चौकटीत राहून जमलं.

दादा म्हणजे माझा चुलतभाऊ. देवगड तालुक्यात घरं शाकारायची कामं घेतो. कौलं परतायची, फुटकी बदलायची, कुजलेल्या रिपा काढून नव्या मारायच्या, पन्हळी साफ करायच्या. तो, त्याच्यासोबत दोन गडी, आणि सुट्टीत अकरावीतला भाचा. मी मुंबईत सात वर्षं एका ऑफिसात दुकानांची सोशल मीडियाची पेजं सांभाळत होते. आईच्या गुडघ्यांमुळे गावी आले, आणि २०२५ च्या एप्रिलमध्ये वहिनी म्हणाली, "तू त्या मुंबयच्या दुकानांचा करायचंस, तसा ह्येंचा कर मा कायतरी." पैसे किती, हा प्रश्नच नव्हता. फोनचं रिचार्ज होतं, तेवढंच.

ऑफिसात अशा वेळी पहिली बैठक 'महिन्याला किती पोस्ट' ह्यावर व्हायची. आम्ही पडवीत बसून वेगळाच हिशेब केला. एक चौपाखी घर, फार कुजलेलं नसेल, तर तिघांना तीन ते चार दिवस. लग्नसराईत गडी कधी येतात, कधी येत नाहीत. म्हणजे २५ एप्रिल ते २५ मे ह्या महिन्यात फार तर आठ घरं. दादाला आठ गिऱ्हाइकं हवी होती. आठ हजार लोकांनी व्हिडिओ बघून त्याच्या छपरावर एक कौलही चढणार नव्हतं.

हा आकडा एकदा समोर आला की बरीच कामं आपोआप गळून पडतात. रोज रील टाकायचं ओझं जातं, चालू गाण्यावर नाचायचं जातं. प्रश्न एवढाच राहतो की ही आठ माणसं कोण आणि ती कुठे आहेत. ती गावात नाहीत. गावात राहणारा माणूस दादाला हाक मारून बोलावतो. ज्यांना दादा हवा असतो आणि सापडत नाही, ते डोंबिवलीत, विरारला, परळला. घर गावी बंद, किल्ली शेजारच्या काकूंकडे. मे महिन्यात मुलांचे निकाल लागले की ते येतात, आठ दिवस राहतात, माजघरातली ओल बघून हळहळतात आणि परत जातात. छप्पर शाकारायचं की पुढच्या वर्षावर ढकलायचं, ते ह्या आठ दिवसांत ठरतं, नाहीतर येण्याच्या आधी फोनवर. म्हणून आमचा महिना पावसापासून उलटा मोजला. कोकणात मान्सून साधारण जूनच्या पहिल्या आठवड्यात धरायचा, म्हणजे २५ मेच्या आत कामं उरकायची, म्हणजे मेच्या पहिल्या पंधरवड्यात ठरायला हवीत, म्हणजे घरवाल्याच्या मनात शंका एप्रिलअखेरीस यायला हवी.

व्हिडिओ काढण्याच्या आधी चार दिवस मी नुसती दादाची वही आणि त्याचा फोन घेऊन बसले. हे काम कुणाला दाखवण्यासारखं नाही, पण महिन्यातलं सगळ्यात कामाचं हेच ठरलं. दादाच्या व्हॉट्सअॅपवर तो अधूनमधून स्टेटस ठेवायचा, आणि बघणारे पस्तीस-चाळीस. बारा वर्षांत शेकड्यांनी घरं शाकारलेला माणूस, आणि चाळीस? कारण साधं होतं. व्हॉट्सअॅपचं स्टेटस दिसायला दोघांच्याही फोनमध्ये एकमेकांचा नंबर सेव्ह असावा लागतो. गिऱ्हाइकांच्या फोनमध्ये दादा होता, 'कौलंवाले' म्हणून. दादाच्या फोनमध्ये गिऱ्हाइकं नव्हतीच. ती वहीत होती, 'फणसाजवळचे', 'डोंबिवलीवाले मास्तर', अशी. मी वहीतले नंबर एकेक करून भरले, नावापुढे वाडी आणि कामाचं साल लिहिलं. मग प्रत्येकाला वेगळा मेसेज, "नमस्कार, तुमचं घर २०१९ ला शाकारलं होतं. यंदा पावसाआधी एकदा बघून घ्यावं. हा नंबर सेव्ह करून ठेवा." एकच मजकूर सगळ्यांना ढकलला नाही, साल प्रत्येकाचं बदललं. त्याला वेळ लागतो, पण साल बघून माणूस उत्तर देतो. आठवड्याच्या शेवटी स्टेटस बघणारे १४० झाले. त्याच वेळी दादाचा नंबर व्हॉट्सअॅप बिझनेसवर नेला. ते फुकट आहे, आणि त्यात येणाऱ्या माणसाला 'बोलणं सुरू, जुनं गिऱ्हाईक, घर बघायचंय' अशी लेबलं लावता येतात. दादा तोपर्यंत हे सगळं डोक्यात ठेवत असे.

मग नियोजन. भिंतीवरच्या कॅलेंडरचं मे महिन्याचं पान उलटं करून त्यावर पेन्सिलीने. पेन्सिलीनेच, कारण गडी लग्नाला गेले की खोडावं लागायचं. आठवड्याला तीन छोटे व्हिडिओ, म्हणजे महिन्याचे बारा, आणि फोटो स्टेटसवर जमेल तसे. बारा विषय शोधायला मी बसलेच नाही. एका घराचं काम म्हणजे तीन वेगळ्या गोष्टी असतात: चढण्याआधी घर बघणं, उघडं छप्पर, आणि शाकारून झालेलं घर. प्रत्येक टप्प्याला दादा काहीतरी ठरवत असतो, आणि तो काय ठरवतो हेच घरवाल्याला माहीत नसतं. तेवढं टिपलं की एका घरातून तीन-चार व्हिडिओ निघतात. म्हणजे बारासाठी तीन-चार घरं बास. उरलेल्या घरांवर मी फोन खिशातून काढला नाही.

पहिला व्हिडिओ पडला. मीच पाडला. त्यात दादा अंगणात उभा राहून "नमस्कार मंडळी, मी गेली बारा वर्षं..." असं म्हणतो. पाठ करून घेतलेलं. त्याचा चेहरा शाळेच्या गॅदरिंगमधल्या शिवाजीसारखा झालेला. इन्स्टाग्रामच्या प्रोफेशनल अकाउंटला प्रत्येक रीलखाली आलेख दिसतो, बघणारे कोणत्या सेकंदाला किती उरले त्याचा. आमचा आलेख तिसऱ्या सेकंदाला विहिरीत पडावा तसा खाली. दादा म्हणाला, "माका तसला बोलूक येना नाय." खरं होतं. पण तोच माणूस जेवताना वहिनीला समजावतो तेव्हा ऐकत राहावंसं वाटतं. मग मी युक्ती बदलली. काही सांगायला लावायचं नाही. काम चालू असताना फोन चालू करायचा आणि खरंच न कळलेलं विचारायचं. नंतर माझा प्रश्न कापून टाकायचा.

त्यातून आलेला पहिला व्हिडिओ माजघरातला. भिंतीवर ओलीचा मोठा डाग, मी विचारलं, "म्हणजे बरोबर ह्याच्या वर फुटलंय ना?" दादा हसला. "गळता एकीकडे, दिसता भलतीकडे," म्हणाला, आणि बोटाने वाशावरची काळपट रेघ दाखवत दाखवत वर गेला. पाणी फुटक्या कौलातून आत येतं, रिपेवर पडतं, वाशाच्या उतारावरून सरकत चार-पाच हात खाली येतं आणि भिंतीला लागतं. लोक डागाच्या वरची कौलं बदलतात, आणि पुढच्या पावसात डाग पुन्हा तिथेच. व्हिडिओ ३५ सेकंदांचा. सुरुवात डागावर ठेवलेल्या बोटापासून, मागे 'गळता एकीकडे, दिसता भलतीकडे' हा आवाज. नमस्कार नाही, नाव नाही. नाव आणि नंबर शेवटी, तेही अक्षरांत.

दुसरा तर दादाने नकळत दिला. कौल उतरवलं की तो त्यावर बोटाच्या पेरानं टिचकी मारतो. चांगलं कौल 'टण्ण' वाजतं. केसाएवढी चीर असेल, डोळ्याला दिसतही नसेल, तरी आवाज बसका येतो, 'थप्प'. मडकं घेताना वाजवून बघतात तसंच. मी फोन जवळ धरला आणि त्याला एकामागून एक दहा कौलं वाजवायला लावली. ह्या व्हिडिओला गाणं लावलं नाही, आणि त्याला दुसरंही कारण होतं. अकाउंट बिझनेस प्रकारचं केलं की इन्स्टाग्रामवरची बरीचशी प्रसिद्ध गाणी लावायला मिळत नाहीत, आणि बाहेरून जोडून आणली तर आवाज बंद होऊ शकतो. माझ्या ऑफिसातल्या गिऱ्हाइकांना ह्याचं फार वाईट वाटायचं. कौलाच्या आवाजापुढे मला नाही वाटलं. मात्र बरेच लोक आवाज बंद ठेवूनच बघतात, म्हणून 'वाजलं, चांगलं' आणि 'बसकं, फेकायचं' अशी दोन ओळींची अक्षरं टाकली. ती पडद्याच्या मधोमध, जरा वरच्या अंगाला. खाली टाकली तर त्यावर आपलंच नाव आणि मजकूर येऊन बसतो, आणि उजव्या कडेला बटणं असतात. माझी पहिली अक्षरं अशीच अर्धी गिळली गेली होती.

चित्रणाचं म्हणाल तर आमच्याकडे अडचण कॅमेऱ्याची नव्हती, ऊन आणि वाऱ्याची होती. अकरा वाजले की खाऱ्या वाऱ्याचा असा घोंगाट होतो की छपरावरचं एक वाक्य धड ऐकू येत नाही. म्हणून दादाचं बोलणं सकाळी सात ते नऊमध्ये, नाहीतर संध्याकाळी माजघरात बसून, आणि वरची दृश्यं नंतर त्यावर जोडायची. छपरावरच्या माणसाला खालून टिपलं की मागचं पांढरं आभाळ त्याला काळा ठिपका करून टाकतं. फोनच्या पडद्यावर त्याच्या चेहऱ्यावर बोट दाबून धरलं की उजेड तिथे अडकून राहतो, मग आभाळ कितीही पांढरं होऊ दे. लेन्स सदऱ्याला पुसायची, कारण आपल्याकडे हवेतच तेल-मीठ. एवढंच. जोडकाम 'एडिट्स' नावाच्या फुकट अॅपवर केलं. इन्स्टाग्रामवाल्यांनी ते त्याच एप्रिलमध्ये आणलं होतं आणि व्हिडिओवर स्वतःचा शिक्का मारत नव्हतं. ह्या सगळ्याला आठवड्याचे चार तास जायचे. दोन सकाळी चित्रण, रविवारी दुपारी जोडकाम, आणि रात्री अकरानंतर सड्यावर जाऊन अपलोड, कारण आमच्या घरात रेंज फक्त न्हाणीघराच्या मागे येते.

फोटोंबद्दल एक गोष्ट मात्र सविस्तर सांगते. 'आधी' आणि 'नंतर' अशी जोडी सगळेच टाकतात, आणि त्यावर फारसा कुणाचा विश्वास बसत नाही. कारण आधीचा फोटो ढगाळ दुपारी जवळून काढलेला आणि नंतरचा सकाळच्या कोवळ्या उन्हात लांबून. बघणाऱ्याला ते दोन वेगळी घरं वाटतात. मी पहिल्या दिवशी जिथे उभी राहिले तिथे खळ्यात चिऱ्याचा एक तुकडा ठेवला. चौथ्या दिवशी त्याच वेळी, त्याच तुकड्यावर पाय ठेवून दुसरा फोटो. चौकटीच्या डाव्या कडेला माडाचं खोड दोन्हीत तेवढंच यायला हवं, ही खूण. असे फोटो शेजारी-शेजारी ठेवले की छपराची सरळ झालेली ओळ डोळ्यात भरते. आधी आढं मधे बसलेलं, वाकलेल्या पाठीसारखं. नंतर ताठ. एका विरारच्या गृहस्थांनी केवळ त्या ओळीवरून फोन केला. "आमचं पण तसंच वाकलंय," म्हणाले.

आणि आता माझी चूक. तिसऱ्या घराचा फोटो छान आला होता, संध्याकाळचा, तुळस, ओटी, दारावर घराच्या नावाची पाटी. मी तो टाकला. दुसऱ्या दिवशी सकाळी मालकांचा डोंबिवलीहून फोन. ते ओरडले नाहीत, त्यामुळे जास्त लागलं. "ताई, घर बंद असतं हे तुम्ही सगळ्या जगाला सांगितलंत. पाटी दिसते, कुलूप दिसतं." खरंच दिसत होतं. मी फोटो मोठा करून बघितलं तर कडीतलं पितळी कुलूप चकाकत होतं. सात वर्षं मी हॉटेलांची, सलूनची पेजं केली, जिथे पत्ता दाखवणं हेच काम. इथे गिऱ्हाइकाचं घर हे त्याचं सगळ्यात नाजूक ठिकाण होतं, आणि ते वर्षाचे अकरा महिने रिकामं. फोटो लगेच काढला. पण ज्यांनी पुढे पाठवला असेल त्यांचा कसा काढणार?

त्यानंतर नियम केले आणि कॅलेंडरच्या वरच लिहिले. पाटी नाही, कुलूप नाही, घराकडे येणारी पाणंद नाही. ठिकाण फक्त 'देवगड तालुका', वाडीचं नाव नाही. मालकाची परवानगी व्हॉट्सअॅपवर लेखी, तोंडी नाही. आणि टाकायचं ते घरात माणसं आलेली असताना, नाहीतर काम संपून पंधरा-वीस दिवसांनी. ह्याने माझं वेळापत्रक पार मोडलं, कारण ताजं काम ताजं दाखवता येईना. मग दादाच्याच घराचं छप्पर आणि आमच्या गोठ्याचं छप्पर कामी आलं. उघडं छप्पर, रिपा, वाळवी हे सगळं तिथे दाखवलं, आणि गिऱ्हाइकांच्या घरांचं नुसतं कौल, वासा, हात. जवळून काढलेला वासा कुणाच्या घरचा ते कुणालाच ओळखू येत नाही.

ह्याच चुकीतून एक चांगली गोष्ट निघाली. परवानगीसाठी मी संपलेल्या कामाचा व्हिडिओ आधी मालकालाच पाठवू लागले. त्यात घर पूर्ण, पाटीसकट, त्यांच्यासाठीच. मालक तो स्वतःच वाडीच्या मुंबई मंडळाच्या ग्रुपवर टाकायचे. "आमचं घर झालं हो," म्हणून. ज्या ग्रुपवर दादाने जाहिरात टाकली असती तर कुणीतरी 'ग्रुपवर धंदा नको' म्हणून सुनावलं असतं, तिथे मालकाच्या तोंडून तीच गोष्ट आली की खाली अभिनंदन, आणि मग हळूच, "कोणी केलं? नंबर द्या." मी ऑफिसात असताना ह्याला मोठमोठी नावं होती. इथे ते मालकाला वाटलेलं समाधान होतं, आणि ते फुकट होतं.

पैशांच्या प्रश्नावर दादा आणि माझं वाजलं. येणारा प्रत्येक दुसरा माणूस "किती घेता?" एवढंच विचारायचा, आणि दादा म्हणायचा, "घर बघल्याशिवाय काय सांगणार?" आणि बोलणं तिथेच मरायचं. मी म्हटलं, दर टाकूया. तो म्हणाला, "दर टाकलंय काय उद्या दुसरो शंभरान कमी करता." दोघांचंही बरोबर होतं. शेवटी मधला मार्ग काढला. दराऐवजी दर कशावर ठरतो ते सांगायचं. एका व्हिडिओत दादा बोटांवर मोजत तीन गोष्टी सांगतो: किती कौलं बदलावी लागतील, रिपा धरल्यात की वाळवीने खाल्ल्यात, आणि छप्पर किती उंच, म्हणजे शिडीवर भागेल की परांची बांधावी लागेल. त्यात त्याने एक मोजमाप दिलं, मंगलोरी कौलं १०० चौरस फुटाला साधारण दीडशे लागतात. आणि खाली मी लिहिलं, 'घराच्या चारही बाजूंचे आणि आतून वाशांचे फोटो पाठवा, अंदाज सांगतो.' ह्या व्हिडिओनंतर फोन कमी झाले. आधी मी घाबरले. पण जे आले ते फोटो घेऊन आले. दादाने एका रात्रीत जेवणानंतर चार घरांचा अंदाज पडवीत बसून दिला, एरवी त्याला चार फेऱ्या पेट्रोल जाळावं लागलं असतं.

वानरांचा व्हिडिओ सांगितल्याशिवाय राहवत नाही. कौलं फुटण्याचं मोठं कारण आमच्याकडे वानर. आंब्यावरून उडी मारली की दोन-चार कौलं सरकलीच. भाच्याने नेमका तो क्षण टिपला, एक हुप्प्या दादाच्या नुकत्याच शाकारलेल्या छपरावर धप्पकन, आणि दादाची शिवी. शिवी कापली. व्हिडिओ असा पळाला की भाचा दर तासाला आकडे सांगत होता, "मावशी, चाळीस हजार! मावशी, सत्तर!" प्रतिक्रिया सगळ्या देशातून. हिंदीत, तेलुगूत, एक तर नुसत्या हसऱ्या चेहऱ्यांत. त्यातून किती कामं आली? एकही नाही. मी खोटं बोलत नाही, एकही नाही. उलट दोन दिवस दादाच्या फोनवर नुसते 'भाई मंकी व्हिडिओ और डालो'. त्याच आठवड्यात 'उंबऱ्याजवळच्या पन्हळीत फणसाची पानं कुजली की पाणी आत येतं' हा रटाळ फोटो स्टेटसवर १४० लोकांनी बघितला आणि त्यातून दोन घरं आली. भाच्याला हे पटलं नाही. त्याच्या वयाला मलाही पटलं नसतं.

कुठून काय आलं हे मला कळलं ते आलेखांवरून नाही. दादाच्या वहीत एक रकाना वाढवला होता, 'कुठे बघितलं?' फोन आला की दादाने एवढं विचारायचंच, हा करार. तो विसरायचा, मग वहिनी मागून ओरडायची, "इचारलास?" त्या रकान्यात इन्स्टाग्राम एकदाच आलं. बाकी 'स्टेटस', 'मंडळाच्या ग्रुपवर', 'भावाने पाठवलं', 'तुमीच मेसेज केलेलात'. पण मी इन्स्टाग्राम सोडून द्या असं म्हणणार नाही. ग्रुपवर नंबर मिळालेला माणूस फोन करण्याआधी पेज उघडून बघतो की हा खरंच कौलं लावतो का. तिथे नऊ-दहा नीट व्हिडिओ असले की बोलणं 'तुम्ही कोण'पासून सुरू होत नाही. गुगलवर फुकटात धंद्याची नोंद करून तिथेही तेच फोटो चढवले, ते ह्याच कारणासाठी. त्यातून यंदा काही आलं नाही.

शेवटच्या आठवड्यासाठी मी चार व्हिडिओ आखले होते. 'अजून दहा दिवस आहेत', 'दोनच घरांची जागा उरली', असे. मला ते फार आवडले होते. पण २०२५ सालच्या पावसाने कॅलेंडर वाचलेलं नव्हतं. २० मेच्या सुमारासच सरी सुरू झाल्या, २४ तारखेला रत्नागिरी-दापोलीच्या दरम्यान तीव्र कमी दाबाचं क्षेत्र किनाऱ्यावर चढलं, त्याच दिवशी मान्सून केरळात आल्याचं जाहीर झालं, आणि २६ मेला तो मुंबईत, जिथे त्याची नेहमीची तारीख ११ जून. आमचं सातवं घर अर्धं उघडं होतं. दादा आणि गडी रात्री बॅटरी घेऊन ताडपत्री ओढत होते. ओल्या कौलावर पाय ठरत नाही, शेवाळलेल्यावर तर नाहीच, त्यामुळे त्यानंतर नवं काम बंद म्हणजे बंद.

'अजून दहा दिवस आहेत' हे तीन दिवस आधीच नेमलेल्या वेळेला आपोआप पडणार होतं. मी ते पावसात, न्हाणीघरामागे छत्री धरून रद्द केलं. एक मिनिट उशीर झाला असता तर गावभर हसं झालं असतं. त्याच्या जागी दादाचा २० सेकंदांचा व्हिडिओ गेला: छप्पर गळत असेल तर आता वर चढू नका, आतून गळतीखाली घमेलं ठेवा, कौलं सुकल्यावरच ताडपत्री आढ्यावरून दोन्ही अंगांना सोडा, नुसती भोकावर टाकू नका, आणि गळती कुठून येते त्याचा आत्ताच फोटो काढून ठेवा, कारण उन्हाळ्यात ती सापडणार नाही. तो फोटो मला पाठवा. हा व्हिडिओ आखलेला नव्हता आणि महिन्यात सगळ्यात जास्त वेळा पुढे पाठवला गेला. पावसातले ते फोटो अजून येतात. प्रत्येकाला 'गळती' हे लेबल लावून ठेवलंय. दादाचा पुढचा एप्रिल त्यात आहे.

शेवटी सात घरं झाली. आठवं पुढच्या वर्षावर.

जूनच्या पहिल्या आठवड्यात त्या डोंबिवलीच्या मालकांचा मेसेज आला, पाटीवाल्या. त्यांच्या आईला, वय ८४, आता गावी आणता येत नाही. छप्पर नवं झालंय हे तिला सांगितलं तर तिचा विश्वास बसेना. तिचं म्हणणं, पाऊस लागल्याशिवाय कसं कळणार? मी किल्ली घेऊन गेले, माजघरात अंधारात फोन जमिनीवर उताणा ठेवला आणि वर पाऊस पडू दिला. २२ सेकंद. अक्षरं नाहीत, बोलणं नाही, कौलांवरचा एकसारखा आवाज, आणि खाली कोरडी जमीन. तो कुठेच टाकला नाही, एका नंबरला पाठवला.

संध्याकाळी दादा वही घेऊन बसला होता. मी सांगितलं तर त्याने पेन माझ्यापुढे केलं. "मगे ह्या खयच्या रकान्यात लिवतलंस गो?"